बारशाआधीची नोंद

नोव्हेंबरच्या 12 तारखेला रात्री अकराच्या सुमारास भाच्याचा फोन आला. "मामा, मुलगी झाली. पण पेटीत ठेवलीय." सून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, सांगलीला गेली होती. दिवस भरायला सहा आठवडे होते. पाणी अचानक गेलं, सिझेरियन करावं लागलं, आणि श्वास नीट लागत नाही म्हणून बाळाला लगेच नवजात अतिदक्षता विभागात हलवलं. भाचा पुण्याहून निघून नुकताच पोचला होता.

मी बरीच वर्षं आरोग्य विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर काढली आहेत, त्यामुळे नात्यात कुणी अॅडमिट झालं की डॉक्टरनंतर फोन मला येतो. बाळाची आणि सुनेची चौकशी झाल्यावर मी विचारलं, "कंपनीला कळवलंस का?" तो म्हणाला, "आई म्हणतेय, आता बारसं सव्वा महिन्यानंतरच करू. नाव ठरलं की जन्मदाखला काढतो, आणि मग एचआरला पाठवतो सगळं एकदम."

सगळं एकदम पाठवायचं, या वाक्यानं किती घरांचे पैसे घालवलेत ते मी पाहिलं आहे. सव्वा महिना म्हणजे सदतीस-अडतीस दिवस. बहुतेक कंपन्यांच्या सामूहिक पॉलिसीत बाळाचं नाव घालायची मुदत असते जन्मापासून तीस दिवस. कुठे पंधराच असते, कुठे पंचेचाळीस. म्हणजे घरच्या रीतीप्रमाणे सावकाश चाललं, तर बारशाचा पाळणा हलायच्या आधीच विम्याचं दार बंद झालेलं असतं.

ही मुदत मुळात का असते, ते समजून घेतलं की पुढच्या गोष्टी सोप्या होतात. कंपनीची पॉलिसी ही एक यादी असते: कर्मचारी, त्याचा जोडीदार, मुलं, काही ठिकाणी आईवडील. पॉलिसीचं वर्ष सुरू झालं की यादी बंद होते. मधे फक्त तीन कारणांसाठी ती उघडते. कुणी नवीन नोकरीला लागलं, कुणाचं लग्न झालं किंवा कुणाला मूल झालं तर. एरवीही ती उघडी ठेवली तर लोक घरचं माणूस आजारी पडल्यावरच त्याचं नाव घालतील, आणि विमा कंपनीच्या गळ्यात नुसते आजारीच येतील. जन्मानंतर ठरावीक दिवसांत सगळीच बाळं यादीत आली, धट्टीकट्टी आणि पेटीतली दोन्ही, तर हिशेब बसतो. म्हणून त्या मुदतीत आलेल्या बाळाला सहसा एक प्रश्नही विचारला जात नाही, आणि मुदत उलटून एक दिवस झाला की तेच बाळ नकोसं होतं.

मी भाच्याला सांगितलं, "आज रात्रीच ईमेल टाक. कागद मागाहून दे."

कळवणं आणि कागद देणं ही दोन वेगळी कामं आहेत. मुदत बहुतेक ठिकाणी कळवण्याला असते. कागद अपुरे असतील तर एचआर किंवा टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी दाव्यांचं काम बघणारी मधली संस्था, ते मागून घेते. पण कळवलंच नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर? भाच्याच्या ईमेलमध्ये सहा गोष्टी होत्या: त्याचा कर्मचारी क्रमांक, पॉलिसी क्रमांक, बायकोचं पॉलिसीतलं नाव, बाळाची जन्मतारीख आणि वेळ, मुलगी असल्याची नोंद आणि रुग्णालयाचं नाव. खाली एक ओळ, 'नाव ठेवलेलं नाही, कृपया आईच्या नावाने नोंद करावी आणि संरक्षण जन्मतारखेपासून द्यावं.' कंपनीचं पोर्टल होतं, तिथेही त्याने दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. पोर्टलवर भरलं असलं तरी ईमेल करावाच असं माझं मत आहे, कारण पोर्टलची पोच पुढे सापडत नाही आणि ईमेलवर तारीख छापलेली असते.

नाव नसणं ही अडचणच नाही, हे अनेकांना माहीत नसतं. रुग्णालयात पेटीवर, फाइलवर, बाळाच्या पायातल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव असंच लिहिलेलं असतं. विमा कंपन्याही बाळ याच नावाने यादीत घेतात. जुळी असली तर एक आणि दोन असे आकडे लागतात. खऱ्या नावाची दुरुस्ती नंतर होते, तिला वेगळा हप्ता पडत नाही.

जन्मदाखल्याचंही तसंच. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा 1969चा आहे, आणि त्यात बाळाच्या नावावाचून जन्म नोंदवण्याची सोय पहिल्यापासून आहे. दाखल्यावर नावाचा रकाना कोरा राहतो. ते नाव बारा महिन्यांच्या आत फुकट भरता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत थोडं शुल्क देऊन. जन्माची खबर मात्र एकवीस दिवसांत द्यायची असते, आणि बाळ रुग्णालयात जन्मलं असेल तर ती द्यायची जबाबदारी रुग्णालयाची असते. ते नमुना 1 भरून नगरपालिकेकडे, महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे पाठवतात. आपण फक्त तो फॉर्म जाण्याआधी वाचून घ्यायचा.

वाचून घ्यायचा म्हणतो ते उगाच नाही. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. माहेरच्या डॉक्टरीणबाई मुलीला लहानपणापासून ओळखत असतात. केसपेपरवर नाव लिहिलं जातं ते माहेरचं, वडिलांचं नाव मधे आणि आडनाव माहेरचं. पॉलिसीत मात्र तिचं नाव सासरचं. केसपेपरवरून डिस्चार्ज कार्ड, डिस्चार्ज कार्डवरून नमुना 1 आणि नमुना 1 वरून जन्मदाखला. एक चूक चार कागदांवर उतरते, आणि टीपीएच्या टेबलावरचा मुलगा विचारतो, की हे बाळ ज्या बाईचं आहे ती बाई आमच्या यादीत कुठे आहे? त्याचंही चूक नाही.

आमच्या सुनेचं अर्धं तसंच झालं होतं. दाखल होताना घाईत तिच्या वडिलांनी नाव सांगितलं होतं, त्यामुळे फाइलवर माहेरचं आडनाव होतं. तिसऱ्या दिवशी भाचा रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर आधार कार्ड घेऊन गेला आणि नमुना 1 जाण्याआधी नाव सुधारून घेतलं. दहा मिनिटांचं काम. हेच दाखला निघाल्यावर करायला गेलं तर अर्ज, पुरावे आणि हेलपाटे, आणि त्याही हेलपाट्यांची जागा सांगली, कारण दाखला जिथे जन्म झाला तिथलीच कचेरी देते, आईवडील राहतात तिथली नाही.

कंपनीच्या पॉलिसीसाठी मग लागलं ते एवढंच: रुग्णालयाच्या शिक्क्याची आणि सहीची जन्माची चिठ्ठी, आईचं डिस्चार्ज कार्ड आणि जन्मदाखला. चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी मिळाली, ती ईमेलच्या मागोमाग गेली. बाकीचे दोन्ही कागद नंतर. बाळाचं आधार कुणी मागितलं नाही. मागितलं तर ते अजून काढलेलं नाही एवढं सांगायचं, आणि जन्मदाखला पुढे करायचा. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी तर तोच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरवला गेला आहे.

आता पैशाकडे येऊ. बाळ अकरा दिवस आत होतं. सुनेचं सिझेरियनचं बिल झालं 84,000 रुपये, आणि बाळाचं 1,72,000. भाच्याची कंपनीची पॉलिसी पाच लाखांची. त्याने सहज बेरीज केली, अडीच लाखांच्या वर जातंय, पाच लाखांत बसतंय. मी म्हटलं, थांब. बाळंतपणाला वेगळी मर्यादा असेल, ती बघ. होती, 60,000. म्हणजे सिझेरियनच्या बिलातले 24,000 घरचे. त्याबद्दल वाद नाही.

पण बाळाचे 1,72,000 कुठल्या कप्प्यातून जाणार? इथे पॉलिसीतली एक ओळ फार महाग असते. काही पॉलिसींत लिहिलेलं असतं, नवजात बाळाचा खर्च बाळंतपणाच्या मर्यादेच्या आत. तसं असेल तर तो कप्पा आईच्याच बिलात संपला, बाळाला एक पैसा नाही. काहींत लिहिलेलं असतं, नवजात बाळ पहिल्या दिवसापासून कुटुंबाच्या विमा रकमेत. तसं असेल तर 1,72,000 पाच लाखांतून जातात. फक्त लंगोट, हातमोजे, नोंदणी शुल्क असल्या न मिळणाऱ्या बाबी वजा. भाच्याच्या पॉलिसीत दुसरी ओळ होती. वजा झाले 9,400.

निरोगी बाळाची गोष्ट वेगळी. आईजवळच असलेल्या बाळाची तपासणी, पहिल्या लसी, खोलीत डॉक्टरांनी मारलेली फेरी हे सहसा आईच्या बिलात आणि बाळंतपणाच्या मर्यादेतच धरतात, किंवा धरतच नाहीत. वेगळा दावा होतो तो बाळ आजारी म्हणून दाखल झालं तर. कावीळ झाली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलेलं बाळही यात येतं. अशा वेळी रुग्णालयाकडून बाळाचा स्वतंत्र आयपीडी क्रमांक, स्वतंत्र बिल आणि स्वतंत्र डिस्चार्ज कार्ड घ्यायचं. आईच्या बिलात एकत्र घुसडलेला बाळाचा खर्च नंतर वेगळा काढून दाखवताना मी भल्याभल्यांना घाम फुटलेला पाहिला आहे.

एवढं सगळं जपून करूनही दावा अडकला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं, दाखल झाल्याच्या तारखेला रुग्ण सभासद नव्हता. भाच्याचा आवाज चढला होता. मी त्याला बाळाचं ई-कार्ड पाठवायला सांगितलं. त्यावर लिहिलं होतं, संरक्षण सुरू 28 नोव्हेंबर 2025.

हे फार नेहमीचं आहे, आणि यात कुणाचा कावा नसतो. कंपनीचं एचआर महिन्यातून एकदा किंवा दोनदा बदलांची यादी विमा कंपनीला पाठवतं. त्यात नवीन नोकरदार असतात, लग्न झालेले असतात आणि बाळंही असतात. यादीच्या रकान्यात एक तारीख टाकायची असते. नोकरदाराला रुजू झाल्याची तारीख, बाळाला जन्मतारीख. कुणीतरी सगळ्यांना यादी पाठवल्याची तारीख चिकटवली, की बाळ कागदावर सोळा दिवस उशिरा जन्मतं. कधी अजून एक भानगड असते. कंपनीने विमा कंपनीकडे आगाऊ भरून ठेवलेली रक्कम असते, तिला सीडी बॅलन्स म्हणतात. नवीन नावाचा हप्ता त्यातून कापला जातो. ती शिल्लक संपली असेल तर ती भरेपर्यंत यादी नुसती पडून राहते, आणि कर्मचाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

भाच्याने 12 नोव्हेंबरच्या रात्रीचा ईमेल पुढे केला आणि एंडॉर्समेंटची तारीख जन्मतारीख करून मागितली. एंडॉर्समेंट म्हणजे पॉलिसीत बदल झाल्याचा विमा कंपनीचा कागद. आठ दिवसांत दुरुस्त कागद आला, आणि दावा पुन्हा उघडला. तो ईमेल नसता तर एचआरही काही करू शकलं नसतं. म्हणून ई-कार्ड आलं की बाळाचं नाव नंतर वाचा, आधी सुरू झाल्याची तारीख वाचा. आणि घाई असली तरी तीस दिवसांतला शेवटचा दिवस धरू नका. 12 नोव्हेंबरच्या बाळाची मुदत 11 डिसेंबरला संपते की 12 ला, जन्माचा दिवस पहिला की शून्यावा, यावर भांडण्यात अर्थ नसतो.

मुदत खरोखरच टळली असेल तर? एचआरमार्फत विनंती करून पाहावी, आणि बाळ किंवा आई अत्यवस्थ होती असं काही कारण असेल तर कागदासकट. कधी मान्य होते. नाहीतर पुढच्या नूतनीकरणाला नाव घालायचं आणि मधला खर्च आपला. विमा नियामकाचं 2011 सालचं एक परिपत्रक लोक अशा वेळी पुढे करतात, केवळ उशिराच्या कारणावरून खरा दावा नाकारू नये असं ते सांगतं. पण ते दाव्याची सूचना उशिरा देण्याबद्दल आहे. जो यादीतच नाही त्याला ते वाचवत नाही. मुदतीत कळवूनही नाव घातलं नसेल, तर मात्र तुमची बाजू भक्कम आहे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, तिथे नाही जमलं तर विमा लोकपालाकडे जावं. लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, आणि तिथे वकील लागत नाही.

भाच्याची दुसरीही एक पॉलिसी होती. स्वतः घेतलेली, नवराबायकोची दहा लाखांची फ्लोटर. नोकरी गेली की कंपनीची पॉलिसी जाते, म्हणून माझ्याच आग्रहाने घेतलेली. तिच्यात बाळ घालायचं म्हणून तो त्याच रात्री निघाला होता. मी म्हटलं, तिथे घाई चालत नाही, तिथे नव्वद दिवस थांबावं लागेल.

हेच लोकांना कळत नाही. एकाच बाळासाठी दोन पॉलिसी, आणि दोन्हींची घड्याळं उलटी. विम्याच्या भाषेत नवजात म्हणजे नव्वद दिवसांपर्यंतचं बाळ. वैयक्तिक पॉलिसींत बहुतेक ठिकाणी मूल स्वतंत्र सभासद होतं ते नव्वद दिवस पूर्ण झाल्यावर. त्याआधी संरक्षण मिळतं ते पॉलिसीत बाळंतपणाचा किंवा नवजात बाळाचा लाभ असेल तर, आणि तो लाभ सुरू व्हायला अनेकदा दोन ते चार वर्षं आधीपासून पॉलिसी असावी लागते. काही पॉलिसी सोळाव्या दिवसापासून थोडी रक्कम देतात. भाच्याच्या पॉलिसीत बाळंतपणाचा लाभ नव्हता. म्हणजे 10 फेब्रुवारीपर्यंत तिथे बाळ नव्हतंच, आणि म्हणूनच कंपनीच्या पॉलिसीतली ती तीस दिवसांची मुदत एवढी मोलाची होती.

आणि दुसरा फरक. कंपनीने काही विचारलं नाही, इथे मात्र सगळं विचारलं. प्रस्ताव फॉर्म, जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, आणि जन्मानंतर बाळ रुग्णालयात होतं का, याचं उत्तर. सुनेच्या वडिलांचं म्हणणं होतं की बाळ आता छान आहे, ते अकरा दिवस लिहायची गरज काय? लिहायची गरज होती. चौतिसाव्या आठवड्यात जन्म आणि श्वासाचा त्रास असं डिस्चार्ज कार्डवर छापलेलं आहे, आणि तेच कार्ड आधीच्या दाव्यासोबत विम्याच्या व्यवस्थेत जाऊन बसलेलं आहे. आज लपवलं तर तीन वर्षांनी मुलीला न्यूमोनिया झाला की फाइल उकरली जाते, आणि मग प्रश्न न्यूमोनियाचा राहत नाही, खोटं लिहिल्याचा होतो. भाच्याने खरं लिहिलं, बालरोगतज्ज्ञाची चिठ्ठी जोडली की वजन आणि वाढ वयाप्रमाणे आहे. विमा कंपनीने आठवडाभर घेतला आणि मुलीला घेतलं.

पॉलिसीचं वर्ष 31 मे 2026 ला संपत होतं. मुलीचा वर्षाचा हप्ता 3,650, म्हणजे दिवसाला दहा रुपये. 11 फेब्रुवारीपासून 31 मेपर्यंत 110 दिवस, म्हणून 1,100 रुपये भरले. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे, त्यामुळे वर काही नाही. सगळ्याच कंपन्या मधेच नाव घेत नाहीत, काही म्हणतात नूतनीकरणालाच या. म्हणून नव्वदावा दिवस उजाडायच्या आधी एजंटला विचारून ठेवावं. आणि इथे मुलीला पहिल्या तीस दिवसांची प्रतीक्षा नव्याने लागू होते, अपघात सोडून. आईवडिलांची सरलेली वर्षं तिच्या खात्यात जमा होत नाहीत.

जन्मजात दोषाबद्दल एक सांगतो, कारण हा प्रश्न दबक्या आवाजात येतो. हृदयाला छिद्र असण्यासारखा आतला दोष आणि दुभंगलेल्या ओठासारखा बाहेर दिसणारा दोष यांत विमा फरक करतो. आतल्या दोषाला कायमचं वगळू नये असं नियामकाने 2019 मध्ये ठरवलं, बाहेरचा दोष बऱ्याच पॉलिसींत अजून वगळलेला असतो. सामूहिक पॉलिसीत काही कंपन्या दोन्ही विकत घेतात. तीही एक ओळच असते, वाचायची.

बारसं अखेर डिसेंबरच्या शेवटी झालं. जानेवारीत नाव भरलेला जन्मदाखला आला, तो भाच्याने एचआरला पाठवला, आणि 'बेबी ऑफ'च्या जागी मुलीचं नाव घातलेलं नवं ई-कार्ड आलं. त्याने कौतुकाने मला पाठवलं. नाव बरोबर, तारीख बरोबर, 12 नोव्हेंबर. लिंगाच्या रकान्यात 'पुरुष'. मी फोन केला तर म्हणाला, "मामा, ईमेल लिहायलाच बसलोय."